चहा सोडू नका, त्याची वेळ बदला

"लाल गोळ्या तीन महिने घेतल्या, पालक खाल्ला, बीट खाल्लं, गूळ-शेंगदाणेही चालू आहेत. तरी हिमोग्लोबिन नऊच्या पुढे सरकत नाही." अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या बायकांना डॉक्टर खूप प्रश्न विचारतात. मात्र "गोळी कशाबरोबर घेता?" हा प्रश्न घाईत राहून जातो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : नाश्त्यानंतर. आणि अनेक घरांत नाश्ता म्हणजे चहा-चपाती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. या सगळ्याचं खापर चहावर फोडणं चुकीचं ठरेल. पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणं आणि अपुरं जेवण ही त्यामागची मोठी कारणं आहेत. पण ज्यांच्या ताटात लोह मुळातच बेताचं आहे, त्यांनी जेवणाला लागून चहा घेतला तर त्यातलंही निम्मं वाया जाऊ शकतं. ही एक गोष्ट सुधारायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

कढईतली मेंदी आणि पोटातलं लोह

केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. रात्रभरात ती काळीभोर होते. चहातलं टॅनिन कढईतल्या लोहाला धरून ठेवतं आणि त्यातून काळा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई होते तीही याच गुणामुळे.

पोटातही असंच घडतं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह जठरातल्या आम्लात विरघळतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तात जायला तयार होतं. त्याच वेळी चहा तिथं असेल, तर त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला चिकटतात. या द्रव्यांच्या मोठ्या कुटुंबाला पॉलिफेनॉल म्हणतात. अशी जोडी विरघळत नाही, आतड्याला ती शोषता येत नाही आणि लोह मलावाटे निघून जातं.

दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ मध्ये हे माणसांवर मोजून दाखवलं. त्या अभ्यासातल्या स्वयंसेवक होत्या तिथल्या भारतीय गृहिणी. पाव, भात आणि बटाटा-कांद्याचं सूप, इतकंच काय, गोळीत असतं तसं फेरस सल्फेटचं द्रावणही चहाबरोबर दिल्यावर लोहाचं शोषण घटलं. शिजवलेल्या रक्तातल्या लोहावर मात्र चहाचा परिणाम दिसला नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं काही लोह याच प्रकारचं असतं. त्यामुळे मांसाहारी माणसाचं चहामुळे होणारं नुकसान शाकाहारी माणसापेक्षा कमी असतं. पण मटणासोबतच्या भाकरीतलं लोह चहाच्या तावडीतून सुटत नाही.

आपल्या जेवणाच्या सर्वांत जवळचा अभ्यास बेंगळुरूमध्ये झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण स्त्रियांना भाताचं जेवण दिलं, काहींना लोहाची कमतरता होती, काहींना नव्हती. जेवणाबरोबर एक कप चहा घेतल्यावर शोषण साधारण निम्म्यावर आलं आणि दोन कपांनंतर एक-तृतीयांशावर. एक गोष्ट इथं लक्षात घ्या : शरीरात लोह कमी असलं की आतडी एरवीपेक्षा जास्त लोह ओढून घेतात, पण चहा त्या वाढीव शोषणालाही जवळपास त्याच प्रमाणात कात्री लावतो. "मला गरज आहे म्हणजे शरीर घेईलच" हा हिशेब त्यामुळे चुकतो.

आधीचा कप आणि नंतरचा कप

"जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही तो आहे. सांगायला सोपा आणि पाळण्याजोगा सल्ला आहे. पण आधीचा तास आणि नंतरचा तास सारखे नाहीत, हे त्यातून कळत नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांना तोच पदार्थ वेगवेगळ्या वेळी कॉफीबरोबर दिला. जेवणाबरोबर कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. तिच्या जागी चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी प्यायल्यावर काहीच फरक पडला नाही. तासभर नंतर प्यायल्यावर मात्र ती जेवणाबरोबर घेतल्याइतकीच नडली.

कारण साधं आहे. रिकाम्या पोटी घेतलेला पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतो. भाकरी-भाजीचं जेवण मात्र दोन ते चार तास जठरात थांबतं आणि थोडं थोडं आतड्यात उतरतं. जेवून तासाभरानं तुम्ही चहा घेता तेव्हा बरंचसं अन्न अजून वरच असतं आणि चहा त्यात जाऊन मिसळतो.

२०१७ मधल्या इंग्लंडच्या एका अभ्यासात लापशीनंतर तासाभरानं घेतलेल्या चहाचा परिणाम बराच कमी झालेला दिसला. म्हणजे तासभर थांबण्यानंही काही ना काही फायदा होतो. पण आपलं जेवण लापशीपेक्षा जड असतं. म्हणून ॲनिमिया असलेल्यांसाठी सुरक्षित नियम असा धरा : चहा जेवणाच्या आधी किमान एक तास, जेवणानंतर किमान दोन तास. दोन्ही जमत नसेल तर नंतरचा कप आधी सोडा. पंगतीनंतर लगेच येणारा चहा आणि ऑफिसात डबा संपवून टपरीवर मारलेलं कटिंग, सर्वांत महाग पडतात ते हेच.

दूध, ग्रीन टी, डिकॅफ : पळवाटा चालत नाहीत

चहा सोडायचं म्हटलं की पर्याय सुचू लागतात. त्यांतले नेहमीचे पाहू.

* दूध घातलं तर? चहा किंवा कॉफीत दूध घातल्यानं लोहाच्या शोषणात फारसा फरक पडत नाही, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपशीलवार अभ्यासात दिसलं.
* कोरा चहा? त्यातही टॅनिन आहेच. चहा जितका वेळ उकळाल तितकं ते जास्त उतरतं. पातेल्यात पुन्हा पुन्हा उकळलेला 'कडक' चहा याबाबतीत सर्वांत वाईट.
* ग्रीन टी? पॉलिफेनॉल आहेत म्हणूनच तर त्याचं कौतुक होतं. जेवणाबरोबर घेतला तर तोही लोह अडवतो.
* कॅफीन काढलेली कॉफी? लोह कॅफीन अडवत नाही, कॉफीतली पॉलिफेनॉल अडवतात. कॅफीन काढलं तरी ती शिल्लक राहतात.
* पुदिन्याचा काढा, कोको? १९९९ च्या त्याच अभ्यासात पुदिन्याच्या चहानं ८४ टक्के आणि कोकोनं ७१ टक्के शोषण रोखलं. 'हर्बल' या शब्दावर जाऊ नका. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींतही कोको असतो.

कपाचा आकारही पाहा. अर्धा कप चहा पूर्ण कपापेक्षा कमी नडतो, पण जेवणाला चिकटून घेतलेला अर्धा कप निरुपद्रवी नसतो.

एका बाबतीत मात्र चहाला दोष देऊ नये. नुसती खारी, बटर, मैद्याचं बिस्किट किंवा उपासाची साबुदाण्याची खिचडी यांत लोहच इतकं कमी असतं की चहानं अडवावं असं फारसं काही उरत नाही. इथलं नुकसान निराळं आहे : चहा-खारीनं भूक मरते आणि डाळ-भाजीचं जेवण मागे पडतं.

एका दिवसाचं वेळापत्रक, मोडून पुन्हा मांडलेलं

शहरात चार घरी धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या ताईंचा दिवस उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणा. हिमोग्लोबिन ९.२. आरोग्य केंद्रातून लाल गोळ्या मिळाल्या आहेत आणि "नाश्त्यानंतर एक घ्या" असं सांगितलं आहे.

सकाळी सहाला घरचा चहा. नऊला पहिल्या घरी चहा आणि रात्रीची चपाती, त्यावरच गोळी. साडेअकराला दुसऱ्या घरी पुन्हा चहा. दीडला बाजरीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी, आमटी. जेवण आटोपून लगेच चहा. पाचला आणखी एक. रात्री साडेआठला जेवण.

दुपारच्या ताटाचा ढोबळ हिशेब करू. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. दोन मोठ्या भाकरी, मेथी आणि आमटी मिळून १० मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. आपल्या शाकाहारी जेवणातून शंभरातलं पाच ते दहा भाग लोहच शरीरात जातं, म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. जेवणावर चहा प्यायल्यानं ते निम्मं झालं, तर पाव ते अर्धा मिलिग्रॅम उरतं. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीराला रोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह आतून लागतं. दिवसातलं सर्वांत चांगलं जेवण करूनही खात्यावर एवढंच जमा झालं. नऊ वाजताच्या गोळीतलं ६० मिलिग्रॅम लोह तर थेट चहात पडलं.

या ताईंना "पाच कप बंद" असं सांगून उपयोग नाही. चहा हा त्यांचा विसावा आहे, घरोघरी मिळणारा मानही आहे. "नको" म्हटलं तर घरातल्या काकूंना वाईट वाटतं. त्यामुळे कप कमी करण्यापेक्षा ते सरकवणं सोपं.

* सहाचा चहा तसाच ठेवायचा, फक्त सोबत काही खायचं नाही.
* घरून निघताना साडेसातला चपाती-उसळ किंवा चपाती-भाजी खायची, वर लिंबू पिळायचं आणि पाणी प्यायचं.
* पहिल्या घरचा चहा नऊऐवजी दहाला मागून घ्यायचा. साडेअकराचाही चालेल, कारण जेवण दीडला आहे.
* जेवणानंतरचा चहा बंद. तो साडेचार-पाचच्या चहात जमा.
* गोळी सकाळऐवजी रात्री साडेदहाला, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी, साध्या किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर.

पाचांतले चार कप शिल्लक राहिले. गेला तो एकच, पण सर्वांत जास्त नुकसान करणारा.

लिंबाची फोड शोभेची नाही

क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवतं, त्यामुळे आतडं ते सहज शोषतं. बेंगळुरूच्या त्याच अभ्यासात जेवणाला क जीवनसत्त्वाची जोड दिल्यावर लोहाचं शोषण कित्येक पट वाढलं. मिसळीसोबत किंवा पोह्यांवर येणारी लिंबाची फोड बशीतच ठेवून उठणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं. म्हणून लिंबू फोडणीत नाही, पानात वाढल्यावर पिळा. जेवणाबरोबर पेरूच्या दोन फोडी, ताजा आवळा किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर चालेल. मोड आलेली मटकी दुहेरी उपयोगाची : मोड येताना क जीवनसत्त्व तयार होतं आणि कडधान्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. नाचणीबद्दल मात्र थोडं कटू बोलावं लागेल. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, पण तिच्यातच टॅनिन आणि फायटेट असल्यानं लोहासाठी तिच्यावर विसंबू नये. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व त्यातल्या त्यात बरं.

लिंबू पिळलं म्हणून वर चहा चालेल, असं मात्र समजू नका. १९७५ च्या अभ्यासात क जीवनसत्त्व असतानाही चहानं शोषण घटवलंच होतं.

गोळीचे नियम वेगळे

* लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा ताकाबरोबर कधीही घेऊ नका. आधी एक तास आणि नंतर दोन तास या गोष्टी दूर ठेवा.
* गरोदरपणात कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम गिळल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी, अशी विभागणी करा.
* ॲसिडिटीची औषधं रोज घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. जठरातलं आम्ल कमी झालं की लोह नीट विरघळत नाही.
* रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन गोळी घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडलं. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, त्यामुळे घाबरून गोळ्या थांबवू नका.

'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात या गोळ्या मोफत आहेत. गरोदर स्त्रियांना दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी, शाळकरी किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी, लहान मुलांना सिरप. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा आशाताईंकडे त्या मागायचा तुम्हाला हक्क आहे. "गोळ्या संपल्यात" असं उत्तर मिळालं तर पुन्हा कधी येतील ते विचारा आणि मधल्या दिवसांसाठी डॉक्टरांकडून औषधाची चिठ्ठी लिहून घ्या.

लहान मुलांच्या बशीतला चहा

"थोडासाच देते, दूध जास्त घालून" असं म्हणत दीड-दोन वर्षांच्या मुलाला बशीत चहा आणि चपाती कुस्करून देणं अनेक घरांत लाडाचं मानलं जातं. इस्रायलमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चहा पिणाऱ्या बाळांमध्ये लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवणारा ॲनिमिया चहा न पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळला. वाढत्या वयात लोहाची गरज मोठी आणि पोट लहान. या एका बाबतीत वेळा सरकवायच्या नाहीत, चहा द्यायचाच नाही.

हा सल्ला कुणासाठी नाही

हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा व्यवस्थित असलेल्या, पोटभर आणि विविध जेवणाऱ्या माणसाला घड्याळ पाहून चहा पिण्याची गरज नाही. काहींच्या बाबतीत तर गणित उलटंही असतं. थॅलसेमियाच्या काही प्रकारांत शरीरात लोह नको इतकं साठतं. त्या रुग्णांमध्ये चहा शोषण कमी करतो का, हे १९७९ मध्येच तपासलं गेलं आणि तो करतो असं दिसलं.

म्हणूनच कमी हिमोग्लोबिन म्हणजे लोहच कमी, असं परस्पर ठरवू नका. स्त्रियांमध्ये १२ च्या खाली, गरोदर असताना ११ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, पण त्यामागचं कारण त्या आकड्यात दिसत नाही. रक्ताच्या संपूर्ण तपासणीत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसल्या, फेरिटिन १५ च्या खाली असलं, तर लोहाची कमतरता पक्की. पेशी मोठ्या असतील तर बी-१२ चा विचार करावा लागतो. तिथं चहाची वेळ बदलून काही होणार नाही. विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता निघाली, तर चहाकडे बोट दाखवून मोकळं होणं धोक्याचं आहे. मूळव्याध, पोटातला अल्सर किंवा आतड्याचा आजार यांमुळे रक्त जात आहे का, हे आधी शोधावं लागतं.

बदल झाला का, कसं ओळखायचं?

गोळी योग्य वेळी सुरू केल्यावर महिन्याभरानं हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते एक ग्रॅमनं तरी वाढायला हवं. वरच्या उदाहरणातल्या ताईंचं ९.२ वरून १०.२ च्या आसपास. ते १२ ला पोचलं की गोळ्या बंद करायच्या ही सर्वांत नेहमीची चूक. हिमोग्लोबिन आधी भरतं, लोहाचा साठा नंतर. म्हणून पुढे साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. नुसत्या जेवणाच्या वेळा बदलून, गोळीशिवाय, महिन्याभरात आकडा हलेल अशी अपेक्षा धरू नका. आहारातला बदल साठा टिकवायला उपयोगी पडतो, तो संथपणे काम करतो.

चहा दूर ठेवला, गोळी वेळेवर घेतली आणि तरी महिन्याभरात एक ग्रॅमही वाढ नसेल, तर त्याच गोळ्यांचं आणखी एक पाकीट घेऊन घरी परतू नका. पाळीत किती दिवस आणि किती रक्तस्राव होतो ते सांगा, जंतांचं औषध शेवटचं कधी घेतलं ते सांगा, फेरिटिनची तपासणी करता येईल का ते विचारा. आणि जाताना दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या, जुनाही आणि नवाही.